ऊसपट्ट्यातील कीटकनाशक विषबाधा: पहिल्या तासापासून चौथ्या दिवसापर्यंत

बेळगाव, चिकोडी, रायबाग, अथणी, खानापूर या भागातून अपघात विभागात येणाऱ्या विषबाधेच्या रुग्णांकडे पाहिले, तर शेतातील कीटकनाशकांचा, आणि त्यातही ऑर्गॅनोफॉस्फरस गटाचा, विचार प्रत्येक वेळी करावा लागतो. न्यायवैद्यक आणि मेडिसिन या दोन्ही विषयांच्या परीक्षांत हाच गट विचारला जातो, आणि इंटर्नशिपच्या पहिल्याच रात्रपाळीत हाच रुग्ण समोर येऊ शकतो. म्हणून सर्व विषांची यादी पाठ करण्यापेक्षा हा एक रुग्ण दारापासून वॉर्डापर्यंत नीट सांभाळता येणे मला अधिक मोलाचे वाटते. त्यातील शुद्धीकरणाची आणि उताऱ्याची तत्त्वे समजली, तर इतर विषांमध्ये काय वेगळे करायचे हेही आपोआप उमगते.

उदाहरणासाठी एक रुग्ण कल्पून घेऊ. रायबाग तालुक्यातील ४२ वर्षांचा, साधारण ६० किलो वजनाचा ऊस उत्पादक. उसातील वाळवीसाठी आणलेले क्लोरपायरिफॉस शेतातील खोपीत दुसऱ्याच एका बाटलीत ओतून ठेवले होते आणि त्यातील काही त्याच्या पोटात गेले. घरच्यांनी त्याला मीठ-पाणी पाजून उलटी करवली. तालुक्याच्या रुग्णालयात अ‍ॅट्रोपिनचे दोन अ‍ॅम्प्यूल देऊन त्याला १०८ रुग्णवाहिकेने बेळगावला पाठवण्यात आले. तो पोहोचला तेव्हा घटनेला सुमारे तीन तास झाले होते. तो हाक मारल्यावर फक्त कण्हतो, तोंडातून फेस येतो आहे, कपडे घामाने आणि उलटीने भिजलेले आहेत, रॉकेलसारखा उग्र वास येतो आहे. बुबुळे टाचणीच्या टोकाएवढी, नाडी ५४, रक्तदाब ७६/५०, ऑक्सिजनचे प्रमाण ८२ टक्के, दोन्ही फुप्फुसांत सर्वत्र खरखर, आणि पोटऱ्यांचे व छातीचे स्नायू बारीक लहरींसारखे फडफडताना दिसतात.

निदान कशावरून करावे

रक्ताचा अहवाल येईपर्यंत थांबण्याचे हे प्रकरण नाही. या गटातील औषधे अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर अडवतात, त्यामुळे अ‍ॅसिटिलकोलिन साचत जाते आणि ते जिथे जिथे काम करते तिथे अतिरेक होतो. मस्करिनिक बाजूने लाळ, घाम, अश्रू, उलटी, जुलाब, अनावर लघवी, बारीक बुबुळे, मंद नाडी आणि श्वासनलिकांत पाझरणारा द्रव ही लक्षणे येतात. निकोटिनिक बाजूने स्नायूंची फडफड आणि नंतर अशक्तपणा येतो. मेंदूवरील परिणामाने गोंधळ, झटके आणि बेशुद्धी येते. रुग्ण पहिल्या तासांत दगावतो तो बहुधा श्वास थांबल्यामुळे: फुप्फुसे द्रवाने भरतात, श्वसनाचे स्नायू थकतात आणि मेंदूतील श्वसनकेंद्र मंदावते.

बारीक बुबुळे अफूजन्य विषबाधेतही दिसतात, परंतु तिथे घाम, लाळ आणि स्नायूंची फडफड यांचा हा पूर नसतो. मेंदूच्या पॉन्समधील रक्तस्रावातही बुबुळे बारीक होतात, तिथेही हा स्राव नसतो. नाडी मात्र फसवू शकते, कारण निकोटिनिक परिणामामुळे ती सुरुवातीला जलद असू शकते. जलद नाडी दिसली म्हणून हे निदान बाजूला ठेवणे धोक्याचे आहे.

नातेवाइकांना औषधाचे नाव विचारून बहुधा उपयोग होत नाही, कारण दुकानातून ते 'उसाचे औषध' म्हणूनच आणलेले असते. त्यांना डबा किंवा बाटलीच आणायला सांगावे, मराठीत सांगावे आणि गरज असेल तर कन्नड येणाऱ्या सहकाऱ्याकडून पुन्हा सांगवून घ्यावे. डब्यावरील रंगीत चौकोन, म्हणजे लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा, विषारीपणाची पातळी सांगतो. तो रासायनिक गट सांगत नाही. गट ठरतो तो घटकाच्या नावावरून. आपल्या रुग्णाच्या बाबतीत औषध दुसऱ्या बाटलीत ओतलेले होते, म्हणून मूळ डबा खोपीतून मागवणे आवश्यक होते.

दारातच: हातमोजे, कपडे, साबण

रुग्णाला हात लावण्यापूर्वी स्वतः एप्रन आणि नायट्राइलचे हातमोजे घालावेत. पातळ लॅटेक्सच्या हातमोज्यांतून ही द्रव्ये आत झिरपू शकतात. खोली हवेशीर असावी. मात्र शुद्धीकरणासाठी श्वासमार्ग थांबवून ठेवू नये. एक जण श्वासाकडे पाहतो आहे आणि दुसरा कपडे कापतो आहे, अशी कामाची विभागणी करावी.

सर्व कपडे काढावेत, चपला आणि कमरपट्टासुद्धा, कारण कातडे विष शोषून धरते. त्यानंतर साबण आणि भरपूर पाण्याने संपूर्ण अंग धुवावे. केस, कानामागची जागा, काखा, जांघा आणि नखांखालचा भाग राहून जातो, आणि तिथून शोषण चालूच राहते. डोळ्यांत गेले असेल तर सलाइनने धुवावेत. अंग जोराने घासू नये, कारण खरचटलेल्या त्वचेतून विष अधिक वेगाने आत जाते.

काढलेले कपडे फेकायचे नाहीत आणि नातेवाइकांकडेही द्यायचे नाहीत. ते पुरावा आहेत. ओले असतील तर सावलीत वाळवून, वेष्टनात बांधून, लेबल लावून, सील करून पोलिसांकडे पावतीसह द्यावेत. न्यायवैद्यकाच्या तोंडी परीक्षेत हा प्रश्न येतो, आणि प्रत्यक्षात गर्दीच्या रात्री नेमकी हीच गोष्ट राहून जाते.

पोट धुवावे की नाही

नवशिक्यांचा सर्वांत मोठा गोंधळ इथे होतो. पोट धुणे हा प्रत्येक विषबाधेचा पहिला उपाय आहे अशी समजूत अजून टिकून आहे. खरे तर त्याचा विचार साधारण पहिल्या तासाभरात आलेल्या रुग्णातच करावा, आणि तोही श्वासमार्ग सुरक्षित असेल तरच. शुद्ध हरपत चाललेल्या, खोकण्याची क्षमता गमावलेल्या रुग्णाच्या पोटात नळी घातली, तर पोटातील द्रव फुप्फुसांत जातो. क्लोरपायरिफॉसच्या द्रवरूप औषधांत रॉकेलसारखे द्रावक असते, आणि ते फुप्फुसांत गेले की रासायनिक न्यूमोनिया होतो. मूळ विषापेक्षा ही इजा बरी करणे कधी कधी अधिक अवघड जाते. दाहक आम्ल किंवा अल्कली घेतले असेल, किंवा झटके येत असतील, तर पोट धुऊ नये.

जिथे धुणे योग्य असते तिथे रुग्णाला डाव्या कुशीवर, डोके पायांपेक्षा खाली ठेवून झोपवावे. प्रौढांसाठी जाड नळी वापरावी, ती सुमारे ५० सेंटिमीटरच्या खुणेपर्यंत घालावी आणि पोटातच गेल्याची खात्री केल्याशिवाय पाणी सोडू नये. एका वेळी २०० ते ३०० मिलिलिटर कोमट पाणी किंवा सलाइन सोडून तेवढेच परत काढावे. त्याहून जास्त सोडल्यास पोटातील विष पुढे आतड्यात ढकलले जाते. लहान मुलांमध्ये साधे पाणी न वापरता सलाइनच वापरावे. पहिले काढलेले पाणी स्वच्छ बाटलीत वेगळे ठेवावे, कारण तपासणीसाठी तेच सर्वांत उपयोगी असते.

सक्रिय कोळशाची मात्रा शरीराच्या दर किलोस १ ग्रॅम, प्रौढात साधारण ५० ग्रॅम. तोही लवकर आलेल्या, गिळू शकणाऱ्या किंवा नळीने श्वासमार्ग सुरक्षित केलेल्या रुग्णासाठीच. श्रीलंकेत विष घेतलेल्या रुग्णांवर झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत कोळशाच्या वारंवार मात्रांमुळे मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत. म्हणून कोळशाला अ‍ॅट्रोपिनच्या आधीचे स्थान देऊ नये. मीठ-पाणी पाजून उलटी करवणे तर सर्वथा टाळावे: रक्तातील सोडियम धोकादायक पातळीला जाऊ शकते आणि उलटी श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. रुग्णाच्या घरच्यांना हे सांगताना दोष देऊ नये. त्यांनी जे केले ते जीव वाचावा म्हणूनच केलेले असते.

आपल्या रुग्णाला तीन तास झाले आहेत, शुद्ध कमी आहे आणि उलट्या होऊन गेल्या आहेत. म्हणून त्याचे पोट धुवायचे नाही. उत्तरपत्रिकेत असा निर्णय कारणांसह लिहिला, तर परीक्षकाला तुमची समज दिसते.

अ‍ॅट्रोपिन: दुप्पट करत जाणे

रुग्णाला डाव्या कुशीवर घेऊन तोंडातील स्राव शोषून काढावा, जास्त प्रवाहाने ऑक्सिजन लावावा, दोन शिरा धराव्यात, रक्तशर्करा पाहावी. कोलिनएस्टरेजसाठी रक्त घ्यावे, पण त्या अहवालासाठी उपचार थांबवू नयेत. श्वासनलिकेत नळी घालावी लागली तर स्नायू शिथिल करण्यासाठी सक्सामेथोनियम टाळावे, कारण ते मोडणारे विकरच विषाने अडवलेले असते आणि त्याचा परिणाम तासन्‌तास टिकू शकतो.

ऑक्सिजनची सोय होईपर्यंत अ‍ॅट्रोपिन थांबवावे हा जुना सल्ला आता पाळला जात नाही. आपल्याकडे मिळणाऱ्या १ मिलिलिटरच्या अ‍ॅम्प्यूलमध्ये सहसा ०.६ मिलिग्रॅम अ‍ॅट्रोपिन असते, तरीही फोडण्यापूर्वी प्रत्येक वेळी लेबल वाचावे. प्रौढात सुरुवात १.८ ते ३ मिलिग्रॅमने, म्हणजे तीन ते पाच अ‍ॅम्प्यूलने करावी. पाच मिनिटांनी पुन्हा तपासावे, आणि सुधारणा नसेल तर मात्रा दुप्पट करावी. साध्य करायच्या गोष्टी पाच आहेत: छाती स्वच्छ होणे, नाडी ८० च्या वर, वरचा रक्तदाब ८० च्या वर, काखा कोरड्या आणि बुबुळे टाचणीएवढी न राहणे. यांत छातीचे वजन सर्वांत जास्त. बुबुळे पूर्ण विस्फारण्याची वाट पाहू नये. तोवर अ‍ॅट्रोपिनचीच विषबाधा झालेली असते.

आपल्या रुग्णात हे असे घडते. पोहोचताच ३ अ‍ॅम्प्यूल, म्हणजे १.८ मिलिग्रॅम. पाचव्या मिनिटाला नाडी ६०, खरखर तशीच, म्हणून ६ अ‍ॅम्प्यूल, ३.६ मिलिग्रॅम. दहाव्या मिनिटाला नाडी ७२, पण छाती अजून भरलेली, म्हणून १२ अ‍ॅम्प्यूल, ७.२ मिलिग्रॅम. पंधराव्या मिनिटाला नाडी ९६, रक्तदाब १००/६४, छातीचा वरचा भाग स्वच्छ, काखा सुकू लागलेल्या. सुधारणा सुरू झाली की दुप्पट करणे थांबवायचे आणि तेवढीच किंवा कमी मात्रा द्यायची, म्हणून आता ६ अ‍ॅम्प्यूल, ३.६ मिलिग्रॅम. विसाव्या मिनिटाला नाडी १०८, काखा कोरड्या, छाती स्वच्छ, फक्त उजव्या बाजूला खाली थोडी खरखर उरली आहे.

त्या उरलेल्या खरखरीपाशी थांबून विचार करावा. सर्वत्र असलेली, दोन्ही बाजूंची खरखर अ‍ॅट्रोपिनने जाते. एकाच जागी टिकून राहिलेली खरखर बहुधा उलटी श्वासनलिकेत गेल्याची असते, आणि तिच्यासाठी अ‍ॅट्रोपिन वाढवत राहिले तर रुग्ण भ्रमिष्ट होतो, खरखर मात्र तिथेच राहते. अशा वेळी छातीचा एक्स-रे काढावा.

एकूण मात्रा झाली १६.२ मिलिग्रॅम. पुढे दर तासाला एकूण मात्रेच्या १० ते २० टक्के इतके अ‍ॅट्रोपिन सतत चालू ठेवावे. १० टक्के धरले तर ताशी १.६२ मिलिग्रॅम. ५० मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये २५ अ‍ॅम्प्यूल आणि २५ मिलिलिटर सलाइन घेतले, तर एका मिलिलिटरमध्ये ०.३ मिलिग्रॅम होते आणि पंप ताशी ५.४ मिलिलिटरवर लावावा लागतो. बांगलादेशात झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दुप्पट करत जाण्याच्या आणि नंतर सतत देण्याच्या या पद्धतीने मृत्यूचे प्रमाण ८ टक्के राहिले. ठरावीक वेळाने ठरावीक मात्रा देण्याच्या जुन्या पद्धतीत ते २२.५ टक्के होते. म्हणूनच 'दर पंधरा मिनिटांनी दोन अ‍ॅम्प्यूल' अशी सूचना केसपेपरवर लिहून निघून जाऊ नये.

आठ तासांनी परिचारिका कळवते की रुग्ण बिछान्यात हातपाय झाडतो आहे, अंगात ताप आहे, आतड्यांचे आवाज ऐकू येत नाहीत आणि मूत्राशय भरलेले लागते. हे विष पुन्हा चढल्याचे लक्षण नसून अ‍ॅट्रोपिन जास्त झाल्याचे आहे. पंप थांबवावा, मूत्रनलिका घालावी, अर्ध्या तासाने पुन्हा तपासावे आणि लक्षणे ओसरल्यावर आधीच्या सुमारे ८० टक्के वेगाने, म्हणजे इथे ताशी ४.३ मिलिलिटरने, पुन्हा सुरू करावे. कायमचे बंद करू नये. क्लोरपायरिफॉस चरबीत विरघळते आणि तिथून हळूहळू परत रक्तात येते, त्यामुळे छाती पुन्हा भरण्याची शक्यता पुढचे काही दिवस राहते.

प्रॅलिडॉक्सिमची जागा

अ‍ॅट्रोपिन मस्करिनिक लक्षणे रोखते, पण स्नायूंच्या अशक्तपणावर त्याचा परिणाम होत नाही. प्रॅलिडॉक्सिम अडवलेल्या विकरापासून विष सोडवते, म्हणून ते तत्त्वतः मूळ दोषावर काम करते. मात्र काही काळाने हे बंधन पक्के होते आणि मग औषधाचा उपयोग उरत नाही. डायमिथाइल प्रकारात, उदाहरणार्थ मोनोक्रोटोफॉसमध्ये, हे काही तासांतच घडू लागते. क्लोरपायरिफॉससारख्या डायइथाइल प्रकारात त्याला एक दिवसाहून अधिक वेळ लागतो. म्हणून बाटली मागवण्याचा आग्रह धरायचा. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मात्रा अशी आहे: दर किलोस ३० मिलिग्रॅम अर्ध्या तासात हळूहळू, आणि नंतर दर किलोस ताशी ८ मिलिग्रॅम. आपल्या रुग्णासाठी ती आधी १.८ ग्रॅम आणि मग ताशी ४८० मिलिग्रॅम होते. आधी अ‍ॅट्रोपिन, मग हे. आणि कधीही झटकन टोचायचे नाही.

या औषधाबद्दलचा पुरावा मात्र एकमुखी नाही, आणि उत्तरात ते स्पष्ट लिहावे. आपल्यापासून फार दूर नसलेल्या बारामतीत झालेल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मोठ्या सतत मात्रेचा फायदा दिसला. श्रीलंकेतील २००९ च्या चाचणीत तो दिसला नाही. माझ्या मते क्लोरपायरिफॉसच्या लवकर आलेल्या रुग्णात ते द्यावे, परंतु ते मिळवण्याच्या धावपळीत अ‍ॅट्रोपिनकडे दुर्लक्ष होऊ देऊ नये. कार्बामेट गटात विकर आपोआप लवकर मोकळे होते, त्यामुळे तिथे अ‍ॅट्रोपिनच मुख्य उपचार. कार्बारिलमध्ये प्रॅलिडॉक्सिम टाळावे असे परीक्षेत अपेक्षित असते. झटक्यांसाठी डायझेपाम १० मिलिग्रॅम शिरेतून द्यावे.

शेतातून आलेली प्रत्येक बाटली याच गटाची नसते. तणनाशक पॅराक्वाटला उतारा नाही आणि तिथे सवयीने लावलेला ऑक्सिजन फुप्फुसांची हानी वाढवतो, म्हणून तो प्रमाण खूप खाली गेल्याशिवाय लावू नये. धान्यात ठेवायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांनाही उतारा नाही, आणि त्या पाण्याशी संयोग पावून फॉस्फिन वायू सोडतात. धोतऱ्याचे चित्र तर नेमके उलटे: बुबुळे विस्फारलेली, त्वचा कोरडी व तापलेली, रुग्ण बडबडणारा. तिथे निवडक रुग्णांत फायसोस्टिग्मिन हा उतारा. अफूसाठी नॅलॉक्सोन, पॅरासिटामॉलसाठी अ‍ॅसिटिलसिस्टीन, मिथेनॉलसाठी फोमेपिझोल किंवा इथेनॉल.

कागदपत्रे आणि नमुने

रुग्ण स्थिर होताच न्यायवैद्यक नोंद करून पोलिसांना लेखी कळवावे. सरकारी रुग्णालयात विषबाधेचे प्रत्येक प्रकरण कळवायचे असते. अपघात, आत्महत्येचा प्रयत्न की दुसऱ्याने केलेले कृत्य, हे ठरवणे डॉक्टरचे काम नाही. 'विषबाधेचा इतिहास, सांगणाऱ्याचे नाव व नाते' एवढेच लिहावे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते, आणि तिची काळजी व पुनर्वसन हे शासनाचे कर्तव्य मानले आहे. शुद्धीवर आल्यावर रुग्णाशी एकांतात, त्याच्या भाषेत बोलावे आणि मनोविकारतज्ज्ञांना दाखवावे, मग घरचे कारण काहीही सांगोत.

पहिले जठरपाणी किंवा उलटी, रक्त आणि लघवी हे नमुने ठेवावेत. रासायनिक तपासणीच्या रक्तात सोडियम फ्लोराइड व पोटॅशियम ऑक्झलेट घालावे. रुग्ण दगावला तर मृत्यूचे कारण लिहून मृतदेह सुपूर्त न करता शवविच्छेदनाला पाठवावा. जठर व त्यातील द्रव्य, लहान आतड्याचा वरचा भाग, यकृत आणि मूत्रपिंडे संपृक्त मिठाच्या द्रावणात ठेवतात, आणि त्या द्रावणाचाही एक नमुना सोबत जातो. प्रत्येक बाटलीवर सील, सही आणि पावती असल्याशिवाय ती हातातून सोडू नये.

तिसऱ्या दिवशीची मान

अ‍ॅट्रोपिन कमी होत आले, रुग्ण बोलू लागला, घरचे निर्धास्त झाले, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एक धोका उभा राहतो. साधारण २४ ते ९६ तासांच्या दरम्यान मानेचे, खांद्यांचे, कमरेजवळचे आणि श्वसनाचे स्नायू दुबळे होतात. याला मध्यंतरीचा सिंड्रोम म्हणतात. स्राव नसतो, बुबुळे ठीक असतात, म्हणून तो सहज नजरेतून सुटतो. प्रत्येक फेरीत रुग्णाला उशीवरून डोके उचलून धरायला सांगावे. ते जमत नसेल तर त्याला त्याच क्षणी अतिदक्षता विभागात हलवावे, कारण काही तासांत श्वास अपुरा पडू शकतो आणि ऑक्सिजनचे प्रमाण घसरते ते सर्वांत शेवटी. इथे अ‍ॅट्रोपिन वाढवून काही साधत नाही. कृत्रिम श्वसन हाच उपचार असतो, आणि तो वेळेत मिळाला तर बहुतेक जण एक ते तीन आठवड्यांत बरे होतात.

घरी सोडताना दोन-तीन आठवड्यांनंतरची फेरतपासणीची तारीख कार्डावर लिहून द्यावी. त्या सुमारास पोटऱ्यांत वेदना, तळपायांना मुंग्या किंवा चालताना पाऊल लोंबणे असे काही जाणवले, तर ती उशिरा होणारी मज्जातंतूंची इजा असू शकते, आणि रुग्णाने ठरलेल्या तारखेची वाट न पाहता परत यावे.